गरम चार्जर आणि लेबलावरचे दोन आकडे

चारकोपमध्ये म्हाडाच्या आखणीतली बैठी घरे अजून बरीच आहेत. एका सेक्टरातल्या अशाच घरात राहणाऱ्या एक शिक्षिका गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी आमच्याकडे आल्या. त्यांच्या पिशवीत लॅपटॉप आणि दोन चार्जर होते. जुना चार्जर आठवडाभरापूर्वी बंद पडला होता. शाळेच्या निकालाचे गुण संगणकावर भरण्याची मुदत दोन दिवसांवर आलेली, म्हणून त्यांनी घाईने जवळच्या दुकानातून नवा आणला होता. "सर, पिन बरोबर बसते. दुकानदार म्हणाला, पिन बसली की झालं. पण हा इतका तापतो की हात ठेववत नाही. वर याचा दिवा मध्येच लुकलुकतो आणि बॅटरी भरतच नाही. जुनाही तापायचा, पण असा नाही. आता हा वापरू की नको?"

प्रश्न साधा वाटला, तरी त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. चार्जर मुळात तापतोच का, आणि किती तापला तर ते ठीक समजायचे? आणि जुन्याच्या जागी नवा आणताना नेमके काय जुळवायचे? दोन्हींची उत्तरे चार्जरच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत दडलेली असतात. ती वाचायला आठवी-नववीच्या भौतिकशास्त्राहून फारसे जास्त लागत नाही.

डबीच्या आत काय चालते?

ज्याला आपण चार्जर म्हणतो, तो खरे तर बॅटरी 'चार्ज' करतच नाही. बॅटरीत किती प्रवाह सोडायचा, केव्हा थांबवायचा, हे ठरवणारे मंडल लॅपटॉपच्या आत असते. बाहेरच्या काळ्या डबीचे काम एवढेच, की घरातला २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घ्यायचा आणि १९-२० व्होल्टचा स्थिर, एकदिश प्रवाह द्यायचा. म्हणून तिचे खरे नाव ॲडाप्टर. या लेखात चार्जर आणि ॲडाप्टर हे दोन्ही शब्द त्याच डबीसाठी वापरले आहेत.

हे काम पूर्वी लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरने होत असे. रेडिओ किंवा टेपरेकॉर्डरसोबत मिळणारे ते जड एलिमिनेटर अनेकांना आठवत असतील. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. ६५ वॅट शक्ती पुढे पोचवायची, तर ट्रान्सफॉर्मरला दर आवर्तनात ६५ ÷ ५० म्हणजे १.३ ज्यूल ऊर्जा एका बाजूकडून दुसरीकडे न्यावी लागते. एवढ्या ऊर्जेसाठी गाभा मोठा आणि जड हवा.

आजचा ॲडाप्टर वेगळी युक्ती करतो. तो आधी २३० व्होल्टचे डायोडांच्या साहाय्याने एकदिश रूपांतर करतो. २३० हे वर्गमध्यमूळ मूल्य असल्यामुळे लाटेचे टोक २३० × १.४१४ म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि आतला मोठा कपॅसिटर तेवढ्यापर्यंत भारित होतो. मग एक ट्रान्झिस्टर हा ३२५ व्होल्टचा पुरवठा सेकंदाला सुमारे ६५ हजार वेळा चालू-बंद करतो. आता तीच ६५ वॅट शक्ती न्यायला दर खेपेला फक्त ०.००१ ज्यूल पुरतो. खेपा वाढल्या की पाटी लहान चालते. म्हणून फेराइटचा, सुपारीपेक्षा थोडा मोठा ट्रान्सफॉर्मर पुरतो आणि डबी तळहातात मावते. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे आणखी एक डायोड आणि काही कपॅसिटर असतात. तिथून १९ व्होल्ट बाहेर पडतात. बाहेरचे व्होल्टेज घसरू लागले तर आतले नियंत्रण ट्रान्झिस्टरला दर खेपेला थोडा जास्त वेळ चालू ठेवते, वाढू लागले तर कमी वेळ.

इथे एक इशारा देऊन ठेवतो. तो ३२५ व्होल्टचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी चालू स्थितीतला किंवा नुकताच बंद केलेला ॲडाप्टर कधीही उघडू नये. या लेखातल्या सगळ्या गोष्टी डबी न उघडता तपासता येतात.

उष्णता येते कुठून?

वरची कोणतीही पायरी फुकट होत नाही. डायोडमधून प्रवाह गेला की त्याच्या दोन टोकांत थोडे व्होल्टेज खर्च होते. ट्रान्झिस्टर चालूचा बंद होताना, क्षणभर का होईना, त्याच्यावर व्होल्टेज आणि त्याच्यातून प्रवाह अशा दोन्ही गोष्टी एकदम असतात. तांब्याच्या वेटोळ्यांना रोध असतो. फेराइटचे चुंबकन सेकंदाला ६५ हजार वेळा बदलताना तोही तापतो.

यातला एकच भाग हिशेबाला घेऊ. बाहेर पडण्याआधीच्या डायोडवर सुमारे अर्धा व्होल्ट खर्च होतो असे धरू. प्रवाह ३.४२ अँपिअर असेल, तर त्या डायोडमध्ये ०.५ × ३.४२ म्हणजे १.७ वॅट इतकी उष्णता निर्माण होते. बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा एका घटकात ही उष्णता सतत निर्माण होत असते.

सगळ्या घटकांची बेरीज मात्र डबीच्या लेबलावरून काढता येते. अनेक ॲडाप्टरांच्या लेबलावर एका छोट्या वर्तुळात रोमन आकडा छापलेला असतो, बहुधा 'पाच' किंवा 'सहा'. ती कार्यक्षमतेची पायरी आहे. सहावी पायरी अमेरिकेत २०१६ पासून बंधनकारक झाली आणि जगभर विकल्या जाणाऱ्या अनेक ॲडाप्टरांवर ती दिसते. ४९ ते २५० वॅटच्या नेहमीच्या ॲडाप्टरसाठी या पायरीचा अर्थ असा, की सरासरी कार्यक्षमता किमान ८८ टक्के हवी आणि लॅपटॉप जोडलेला नसताना ॲडाप्टरने ०.२१ वॅटपेक्षा जास्त वीज खाऊ नये.

आता ६५ वॅटचा ॲडाप्टर पूर्ण भाराने चालतो आहे असे समजा. कार्यक्षमता ८८ टक्के, म्हणजे भिंतीतून घेतलेली शक्ती ६५ ÷ ०.८८ = ७३.९ वॅट. लॅपटॉपला ६५ मिळाले. उरलेले ८.९ वॅट डबीतच उष्णता होऊन राहिले. डबीला पंखा नाही, झरोके नाहीत. चारी बाजूंनी बंद प्लास्टिक. ही उष्णता बाहेर पडायला डबीचा पृष्ठभाग एवढा एकच मार्ग.

तो पृष्ठभाग किती? शिक्षिकेचा जुना चार्जर आम्ही पट्टीने मोजला. तो ११ सेंमी लांब, ५ सेंमी रुंद आणि ३ सेंमी जाड होता. सहा बाजूंचे क्षेत्रफळ २ × (५५ + ३३ + १५) म्हणजे २०६ चौरस सेंमी. मोकळ्या, स्थिर हवेत ठेवलेली अशी वस्तू हवेच्या अभिसरणाने आणि प्रारणाने मिळून उष्णता सोडते. भोवतालच्या तापमानापेक्षा ती जितके अंश जास्त गरम, त्या प्रत्येक अंशामागे दर चौरस सेंटिमीटरमधून ढोबळमानाने ०.००१२ वॅट बाहेर पडतात. म्हणजे २०६ चौ. सेंमीच्या डबीतून अंशामागे सुमारे ०.२५ वॅट. ८.९ वॅट बाहेर काढायचे तर डबीला खोलीपेक्षा सुमारे ३६ अंशांनी गरम व्हावेच लागते. खोली ३१ अंश सेल्सिअसची असेल, तर डबीचा पृष्ठभाग ६७ अंशांपर्यंत चढेल.

प्रत्यक्षात लॅपटॉप सतत ६५ वॅट घेत नाही. रिकामी बॅटरी भरत असताना आणि काम चालू असताना तो ४५ वॅटच्या आसपास घेतो असे धरू. मग डबीत उरणारी उष्णता ६.१ वॅट, तापमानवाढ सुमारे २५ अंश आणि पृष्ठभाग ५६ अंश. हाताला चांगलाच गरम लागेल, पण क्षणभर तळहात टेकवता येईल. बॅटरी भरत आली की लॅपटॉप आपोआप कमी प्रवाह घेतो आणि डबी कोमट होते. पहिल्या तासात गरम आणि नंतर कोमट, ही तब्येत ठणठणीत असल्याची खूण आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी लगेच निघतात. एक, गरम चार्जर बिघडलेलाच असतो असे नाही. ८८ टक्के कार्यक्षमतेच्या डबीने गरम होणे हा हिशेबाचाच भाग आहे. दोन, पृष्ठभाग झाकला की हिशेब कोलमडतो. चार्जर गादीवर, उशीखाली किंवा गोधडीच्या घडीत ठेवला, तर उष्णता तेवढीच निर्माण होते, पण बाहेर पडायला वाट उरत नाही. त्या शिक्षिकेचा जुना चार्जर वर्षभर पलंगावर, चादरीत गुरफटलेला असे. तो का बंद पडला याचा अंदाज तिथेच येतो. आतले रासायनिक कपॅसिटर हे डबीतले सर्वांत अल्पायुषी घटक. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. २० अंश जास्त, तर आयुष्य चौथाई.

लेबल वाचू या

आता नव्या चार्जरकडे वळू. आम्ही तीन लेबले शेजारी ठेवली. एक लॅपटॉपच्या पोटावरचे, दोन चार्जरांची. प्रत्येक चार्जरवर दोन ओळी महत्त्वाच्या असतात. 'इनपुट'च्या ओळीत १०० ते २४० व्होल्ट असे असते. हा भिंतीकडचा भाग, आणि तो बहुतेक सर्वांवर सारखाच असल्यामुळे निवडीत त्याचा उपयोग नाही. अनेकजण चुकून हीच ओळ जुळवून पाहतात. आपल्याला हवी ती 'आउटपुट'ची ओळ.

लॅपटॉपच्या पोटावर लिहिले होते १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. जुन्या चार्जरच्या आउटपुटवरही तेच. शक्तीचे सूत्र आपण शाळेत शिकवतोच:

P = V × I

१९ × ३.४२ = ६४.९८, म्हणजे ६५ वॅट. नव्या चार्जरवर होते १९ व्होल्ट, २.३७ अँपिअर. १९ × २.३७ = ४५.०३, म्हणजे ४५ वॅट. व्होल्टेज बरोबर, पिन बरोबर. वॅट मात्र वीसने कमी. दुखणे इथे होते.

हे आकडे काय सांगतात ते नीट समजण्यासाठी इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी किती उंचावर आहे त्यावरून नळाला दाब किती ते ठरते. ते झाले व्होल्टेज. किती पाणी येईल ते मात्र आपण नळ किती उघडतो त्यावर ठरते. तो झाला प्रवाह. ॲडाप्टर दाब ठरवतो, प्रवाह लॅपटॉप ठरवतो. लेबलावरचे ३.४२ अँपिअर म्हणजे ॲडाप्टर तेवढा प्रवाह लॅपटॉपमध्ये ढकलतो असे नव्हे. मागितला तर तेवढ्यापर्यंत देऊ शकतो, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा व्होल्टेजचा आकडा 'इतकाच' म्हणून वाचायचा आणि अँपिअरचा किंवा वॅटचा आकडा 'इथपर्यंत' म्हणून. सारी निवड या दोन शब्दांवर उभी आहे.

व्होल्टेज 'इतकेच' का?

लॅपटॉपच्या बॅटरीत लिथियम-आयन घट असतात आणि पूर्ण भरलेल्या घटाचे व्होल्टेज साधारण ४.२ असते. तीन घट एकसरीत असतील तर १२.६ व्होल्ट, चार असतील तर १६.८. आतले मंडल येणारे व्होल्टेज खाली उतरवून बॅटरीला देते, म्हणून बाहेरून येणारे व्होल्टेज बॅटरीच्या कमाल व्होल्टेजपेक्षा थोडे जास्त हवे. चार घटांच्या १६.८ वर थोडी जागा सोडली की १९-२० चा आकडा येतो. लॅपटॉपच्या चार्जरवर हा चमत्कारिक वाटणारा आकडा का असतो, त्याचे कारण हे आहे.

राऊटर किंवा कॅमेऱ्याचा १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा ॲडाप्टर ६० वॅटचा असतो. वॅट जवळपास जुळतात. पण १२ व्होल्टमधून १२.६ व्होल्टची बॅटरीसुद्धा पूर्ण भरणार नाही, मग १६.८ ची कुठली? उलट बाजूला एखाद्या जुन्या प्रिंटरचा २४ व्होल्टचा ॲडाप्टर घ्या. लॅपटॉपच्या प्रवेशद्वारावरचे घटक १९-२० व्होल्ट आणि थोडी सवलत धरून निवडलेले असतात. नशीब चांगले असेल तर संरक्षक मंडल २४ व्होल्ट नाकारेल, नसेल तर आतला एखादा घटक जळेल. चार्जर स्वस्तात बदलता येतो, लॅपटॉपचा मदरबोर्ड नाही. चुका करायच्याच झाल्या तर ही सर्वांत महागडी.

मग १९ च्या जागी १९.५ चालेल का? फरक २.६ टक्के. ॲडाप्टरचे स्वतःचे व्होल्टेजही भाराप्रमाणे काही टक्के खाली-वर होत असते आणि लॅपटॉपमध्ये तेवढी सवलत धरलेली असते. म्हणून अर्ध्या व्होल्टचा फरक सहसा चालतो. १५ च्या जागी १९, किंवा १९ च्या जागी २४ मात्र चालत नाही.

वॅट 'इथपर्यंत' का?

६५ वॅटच्या लॅपटॉपला ९० वॅटचा, म्हणजे १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअरचा चार्जर लावला तर लॅपटॉप जळेल, अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. घरातल्या प्लगमधून इस्त्रीला हजार वॅट मिळतात, म्हणून त्याच प्लगमध्ये लावलेला रात्रीचा छोटा दिवा जळून जात नाही. तो लागेल तेवढेच घेतो. मोठा चार्जर उलट आरामात चालतो, कारण त्याच्या कुवतीच्या मानाने भार कमी असतो आणि डबीही बहुधा मोठी असते.

उलटा प्रकार घातक. शिक्षिकेचा लॅपटॉप रिकामी बॅटरी भरताना ४५ वॅटपेक्षा जास्त मागत होता. नव्या चार्जरची कुवत ४५ वॅटचीच. चांगला चार्जर अशा वेळी स्वतःला बंद करतो, क्षणभराने पुन्हा चालू होतो, पुन्हा जास्त मागणी दिसली की पुन्हा बंद होतो. दिव्याचे लुकलुकणे ते हेच. दिवा सारखा लुकलुकत असेल तर चार्जर मागणीला पुरा पडत नाही किंवा कुठेतरी शॉर्टसर्किट आहे, असे समजावे.

आणि तो इतका तापत का होता? नव्या डबीचे माप ९ × ४ × २.५ सेंमी, म्हणजे पृष्ठभाग फक्त १३७ चौ. सेंमी. अंशामागे बाहेर पडणारी उष्णता ०.१६ वॅट. डबीवर कार्यक्षमतेची कोणतीच खूण नव्हती, म्हणून ८५ टक्के धरू. ४५ वॅट देताना आत ७.९ वॅट उरतात आणि तापमानवाढ जवळजवळ ५० अंश होते. ३१ अंशांच्या खोलीत पृष्ठभाग ८१ अंश! प्रत्यक्षात चार्जर मध्येच बंद पडत असल्याने तापमान त्याहून थोडे कमी राहत असणार, पण तळहात टेकवणे अशक्यच. तेच ४५ वॅट जुना, मोठा चार्जर ५६ अंशांवर देत होता. काम तेच, पण एकाला ते पेलत होते आणि दुसऱ्याच्या ताकदीबाहेर होते.

उष्णता कुठे आहे, तेही पाहा

चार्जर किती तापतो याइतकेच कुठे तापतो हे महत्त्वाचे आहे. सगळी डबी सारखी गरम असेल तर ती वर सांगितलेली, हिशेबातली उष्णता. पण लॅपटॉपमध्ये जाणारी पिन किंवा वायरचा एखादा ठिपका गरम लागत असेल, तर तो बिघाड.

वायरीचा हिशेब करून पाहू. डबीपासून लॅपटॉपपर्यंत १.८ मीटर वायर, जाण्यायेण्याची मिळून ३.६ मीटर. तांब्याची तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध सुमारे ०.१३ ओहम भरतो. ३.४२ अँपिअरला I²R प्रमाणे जेमतेम दीड वॅट, तोही सगळ्या लांबीवर पसरलेला. हाताला कळतसुद्धा नाही. आता पिन सैल बसल्यामुळे किंवा गंज धरल्यामुळे जोडावर ०.३ ओहम रोध निर्माण झाला असे समजा. तिथे ३.४२ × ३.४२ × ०.३ म्हणजे साडेतीन वॅट उष्णता होते, आणि ती वाटाण्याएवढ्या जागेत. पिनेभोवतीचे प्लास्टिक पिवळे पडते, मऊ होते, शेवटी वितळते. चारकोपसारख्या खाडीकाठच्या वस्तीत हवा वर्षभर दमट असते आणि धातूचे जोड लवकर मळतात, म्हणून हे अधूनमधून पाहत जावे.

'पिन बसली की झालं' हे वाक्य इथेही फसवते. गोल पिनेचा बाहेरचा व्यास ५.५ मिमी असला, तरी आतले छिद्र २.१ मिमीचे असू शकते किंवा २.५ मिमीचे. लॅपटॉपच्या खोबणीतला काटा २.१ मिमीचा आणि चार्जरचे छिद्र २.५ मिमीचे असेल, तर पिन आत जाते, दिवाही लागतो, पण जोड सैल राहतो आणि तापतो. पिन बसल्यावर ती किंचित हलवून पाहावी. दिवा लुकलुकला किंवा चार्जिंगची खूण गेली, तर ती पिन त्या लॅपटॉपची नव्हे.

धन कुठे आणि ऋण कुठे, हेही लेबलावर छोट्या चित्राने दाखवलेले असते. मध्ये ठिपका, त्याभोवती अर्धवट वर्तुळ, आणि दोन्हीकडे अधिक-उणे चिन्हे. लॅपटॉपच्या गोल पिनांत धन बहुधा आतल्या बाजूला असते. जुन्या आणि नव्या लेबलांवरची चित्रे सारखी असायला हवीत.

काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध केसासारखा बारीक काटा असतो. तो वीज नेत नाही, चार्जर किती वॅटचा आहे ही माहिती लॅपटॉपला कळवतो. तो वाकला किंवा दुसरा चार्जर ती माहिती देत नसला, तर व्होल्टेज आणि वॅट बरोबर असूनही लॅपटॉप बॅटरी भरायचे नाकारतो आणि मंद चालतो.

नव्या यूएसबी-सी चार्जरांचे काय?

अलीकडच्या लॅपटॉपांना चपटी, दोन्ही बाजूंनी बसणारी यूएसबी-सी पिन असते. तिथे व्होल्टेज आधी ठरलेले नसते. जोडल्याबरोबर चार्जर ५ व्होल्ट देतो, आपण काय काय देऊ शकतो ते सांगतो, लॅपटॉप त्यातले एक निवडतो आणि मगच व्होल्टेज ९, १५ किंवा २० वर जाते. म्हणून इथे व्होल्टेजच्या चुकीची भीती फार कमी. मोबाइलचा चार्जर लावला तरी काही जळत नाही, फक्त बॅटरी अगदी सावकाश भरते किंवा भरतच नाही.

वॅटचा नियम मात्र तोच राहतो. लॅपटॉप ६५ वॅटचा असेल तर लेबलावर '२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' ही जोडी शोधावी. चार्जरला दोन-तीन खोबणी असतील तर छापलेले वॅट सगळ्यांची मिळून बेरीज असू शकते. एका खोबणीतून किती मिळतात ते वेगळे वाचावे. वायरही त्यात आली. साधी यूएसबी-सी वायर ३ अँपिअरपर्यंतची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंतची असते. त्याहून जास्त शक्तीला ५ अँपिअरची वायर लागते. तिच्यात एक चिप बसवलेली असते, आणि ती चिप वायरीची कुवत चार्जरला सांगते. ६५ वॅटच्या चार्जरला मोबाइलची वायर लावली आणि लॅपटॉप 'चार्जिंग सावकाश होत आहे' म्हणू लागला, तर चार्जरला दोष देण्याआधी वायर बदलून पाहावी.

शेवटी काय झाले?

आम्ही शिक्षिकेला नवा चार्जर परत करायला सांगितले आणि एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या: आउटपुट १९ व्होल्ट (१९.५ चालेल). ३.४२ अँपिअर किंवा जास्त. पिन जुन्यासारखी, बाहेर ५.५ आणि आत २.५ मिमी, धन आत. डबीवर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीचा क्रमांक हवा. हा क्रमांक रोमन 'आर' अक्षराने सुरू होतो. संगणकाच्या ॲडाप्टरांना ही नोंदणी आपल्याकडे बंधनकारक आहे, आणि छापलेला क्रमांक खरा आहे की नाही हे ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर दुकानात उभ्या उभ्या पाहता येते.

दुकानदाराने चार्जर बदलून दिला. ६५ वॅटचा नव्हता, म्हणून ९० वॅटचा दिला, तेव्हा त्यांनी पुन्हा फोन करून विचारले, "सर, हा जास्त आहे, चालेल ना?" आम्ही म्हणालो, "व्होल्टेज तेवढेच आहे ना? मग चालेल." त्या रात्री गुण भरून झाले.

शाळेत हे करून पाहायचे असेल तर साहित्य फार लागत नाही. प्रयोगशाळेतला तापमापक, थोडा कापूस आणि चिकटपट्टी. तापमापकाचा फुगा डबीच्या वरच्या बाजूला टेकवून त्यावर कापूस ठेवा आणि पट्टी लावा. बॅटरी पाव भरलेली असताना सुरुवात करून दर दहा मिनिटांनी तापमान लिहा, सोबत खोलीचेही. आलेख आधी चढतो, मग सपाट होतो आणि बॅटरी भरत आली की उतरतो. तो सपाट का झाला, हे विद्यार्थ्यांना विचारा. आत निर्माण होणारी आणि बाहेर पडणारी उष्णता तिथे सारखी झालेली असते. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप न जोडता नुसता चार्जर तासभर प्लगमध्ये ठेवून मोजा. पाव वॅटपेक्षाही कमी उष्णतेने डबी खोलीपेक्षा जेमतेम एखाद्या अंशाने गरम व्हायला हवी. काही न जोडताही चार्जर हाताला स्पष्ट गरम लागत असेल, तर तो आतून बिघडलेला आहे. मग त्याच्यावरचे व्होल्टेज आणि वॅट कितीही बरोबर असोत, तो पुन्हा प्लगमध्ये घालू नये.